कॉपर ऑक्साइड अतिवाहकांचा घुमट स्वतःच्या नमुन्यांवर काढायचा असेल तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी दरवर्षी कोणीतरी 'उच्च तापमान अतिवाहक' हा विषय निवडतोच. बहुतेक जण एक काळी गोळी तयार करतात, ती द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून तिच्यावर चुंबक तरंगवून दाखवतात आणि तिथेच थांबतात. त्यापुढचे, आणि माझ्या मते खरे शिकवणारे काम म्हणजे एकाच पदार्थात होलांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन संक्रमण तापमान आधी चढते आणि मग उतरते, तो घुमटाकार आलेख स्वतःच्या मोजमापांतून काढणे. मी हे काम केले आहे आणि नंतर काही विद्यार्थ्यांकडून करूनही घेतले आहे. सगळ्यांची अडचण एकाच जागी होते: आलेखाचा उभा अक्ष, म्हणजे तापमान, उपकरण वाचून देते, आडवा अक्ष, म्हणजे प्रत्येक तांब्यामागे होल किती, हा मात्र आपल्यालाच कष्टाने ठरवावा लागतो. म्हणून या लेखात आडव्या अक्षाला जास्त जागा दिली आहे.

१. घुमट कशाचा, हे आधी स्पष्ट करून घ्या

आपला पदार्थ La₂₋ₓSrₓCuO₄. बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्या लँथॅनम-बेरियम-कॉपर-ऑक्साइडमध्ये ही अतिवाहकता प्रथम पाहिली, त्याचाच हा स्ट्रॉन्शियमचा भाऊबंद. याच्या स्फटिकात तांबे आणि ऑक्सिजन यांचे सपाट थर असतात आणि त्यांच्यामध्ये लँथॅनम-ऑक्सिजनचे थर असतात. वीज वाहते ती तांबे-ऑक्सिजनच्या थरांतून. मधले थर त्यांना विजाणू पुरवतात किंवा त्यांच्याकडून काढून घेतात.

x शून्य असताना प्रत्येक तांब्याच्या आयनावर नऊ d-विजाणू असतात, म्हणजे भरलेल्या कवचापेक्षा एक कमी. साध्या पट्टसिद्धांतानुसार असा पदार्थ धातू असायला हवा. प्रत्यक्षात एकाच तांब्यावर दुसरा विजाणू येऊन बसण्यास इतकी ऊर्जा लागते की सगळे विजाणू आपापल्या जागी अडकून पडतात, त्यांच्या स्पिना आलटून पालटून वर-खाली लागतात, आणि पदार्थ प्रतिलोहचुंबकीय विद्युतरोधक होतो. आता La³⁺ च्या जागी Sr²⁺ घातला की त्या जागेकडून एक विजाणू कमी येतो आणि ती तूट थरातून भरून काढली जाते. थरात निर्माण झालेली ही तूट म्हणजे होल, आणि तो मुख्यतः ऑक्सिजनच्या p-कक्षांत वावरतो. ऑक्सिजनचे प्रमाण बरोबर चार असेल तर प्रत्येक तांब्यामागचे होल p हे x इतकेच असतात. 'असेल तर' हे शब्द लक्षात ठेवा. पुढचा अर्धा लेख त्यांच्यावरच उभा आहे.

x सुमारे ०.०२ झाला की प्रतिलोहचुंबकीय क्रम मोडतो. ०.०५ ते ०.०६ च्या आसपास अतिवाहकता दिसू लागते, ०.१५-०.१६ ला संक्रमण तापमान सुमारे ३८ केल्विनच्या शिखरावर पोहोचते आणि ०.२७ च्या जवळपास अतिवाहकता संपते. त्यापुढे पदार्थ साधा धातू असतो. डाव्या बाजूला होल थोडे असल्यामुळे जोड्या जुळल्या तरी त्या सर्व जोड्यांना एकाच तालात बांधून ठेवणारी ताकद कमी पडते. १९८९ मध्ये उएमुरा आणि सहकाऱ्यांनी म्युऑन वापरून दाखवले की या बाजूला संक्रमण तापमान साधारणपणे अतिवाहक वाहकांच्या घनतेबरोबर वाढते. उजव्या बाजूचे रूढ स्पष्टीकरण असे, की होल वाढत गेल्याने स्पिनांमधला मूळ चुंबकीय संबंध विरत जातो आणि जोड्या जुळवणारा दुवाच दुबळा होतो. परंतु २०१६ मध्ये बोझोविच यांच्या गटाने याच पदार्थाच्या पातळ थरांवर केलेल्या मोजमापांत उजव्या बाजूलाही अतिवाहक घनता कमी होत जाताना दिसली, आणि रूढ सिद्धांताला ते सहज पचणारे नाही. प्रकल्पाच्या अहवालात घुमटाचे कारण 'सिद्ध झाले आहे' असे लिहू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि तो यायलाच हवा.

२. पदार्थाची निवड: द्रव नायट्रोजनच्या मोहात पडू नका

ठाण्यात आणि नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात द्रव नायट्रोजन मिळवणे अवघड नाही, त्यामुळे ७७ केल्विनच्या वर अतिवाहक होणारा यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइड घ्यावा असे सगळ्यांना वाटते. गोळी तरंगवण्यासाठी तो उत्तमच आहे, पण घुमटासाठी गैरसोयीचा. त्याचे शिखर ९३ केल्विनच्या आसपास असते, म्हणजे ७७ च्या वर घुमटाचा फक्त माथा दिसतो. त्यातले होल ऑक्सिजन काढून-घालून बदलावे लागतात, आणि त्याच्या स्फटिकात तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्याही असल्यामुळे ऑक्सिजनच्या प्रमाणावरून थरातले होल थेट सांगता येत नाहीत.

लँथॅनम-स्ट्रॉन्शियमच्या कुळात होल मुख्यतः वजनकाट्यावर ठरतात आणि एकाच संरचनेत घुमटाच्या दोन्ही बाजू गाठता येतात. किंमत एवढीच, की शिखरसुद्धा ३८ केल्विनला असल्यामुळे द्रव नायट्रोजनमध्ये यातला एकही नमुना अतिवाहक होत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे उत्तम गोळी टाकून दिलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. मोजमापासाठी बंद चक्राचा हेलियम शीतक किंवा द्रव हेलियम लागतो, आणि तो बहुधा पवई, ट्रॉम्बे किंवा कुलाब्याकडच्या एखाद्या मोठ्या संस्थेतच मागावा लागेल. साध्या शीतकाची मर्यादा बहुतेक वेळा १० केल्विनच्या आसपास असते. त्यामुळे x ची मालिका ०.०८, ०.१०, ०.१२५, ०.१५, ०.२०, ०.२२, ०.२५ आणि ०.३० अशी ठेवा. ०.०६ चा नमुना बनवता येतो, पण त्याचे संक्रमण शीतकाच्या पोहोचीखाली राहील.

३. आधी जमवायच्या वस्तू आणि कागद

रसायने तीन: लँथॅनम ऑक्साइड, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड, तिन्ही शक्यतो ९९.९ टक्के किंवा अधिक शुद्धतेची. साधनांत दशांश मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा, अगेटचा खल, अॅल्युमिनाच्या मुशी व बोटी, ११०० अंश सेल्सिअसपर्यंत जाणारी भट्टी, ऑक्सिजन वाहता ठेवता येईल अशी नळीची भट्टी, गोळ्या दाबण्याचा साचा आणि हायड्रॉलिक प्रेस. अनुमापनासाठी ब्युरेट, सोडियम थायोसल्फेट, पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च आणि नायट्रोजनचा लहान सिलिंडर.

कागदांचे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. मार्गदर्शकांचे पत्र, नमुन्याचे रासायनिक सूत्र आणि सुरक्षा माहितीपत्रक, हवी असलेली तापमानाची मर्यादा, आणि आत जाण्यासाठी ओळखपत्राची प्रत एवढे बहुतेक ठिकाणी लागते. वेळ मिळायला महिने जातात. गोळी तयार झाल्यावर अर्ज करणाऱ्याची गोळी उन्हाळ्यात तयार होते आणि मोजमाप पावसाळ्यात येते.

४. वजन: पावसाळ्यातला लँथॅनम

x = ०.१५ चा पाच ग्रॅम पदार्थ करायचा आहे असे समजू. La₁.₈₅Sr₀.₁₅CuO₄ चे रेणुभार ३९७.६६, म्हणून पाच ग्रॅम म्हणजे ०.०१२५७ मोल. त्यासाठी लँथॅनम ऑक्साइड ३.७८९ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट ०.२७८ ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड १.००० ग्रॅम लागते. बाकीच्या नमुन्यांसाठी हा छोटा प्रोग्रॅम पुरे आहे:

```python
for x in (0.08, 0.10, 0.125, 0.15, 0.20, 0.22, 0.25, 0.30):
    n = 5.0 / (138.905*(2-x) + 87.62*x + 63.546 + 63.996)
    print(x, n*(2-x)/2*325.81, n*x*147.63, n*79.545)
```

या तीन पुडींची बेरीज ५.०६८ ग्रॅम होते. तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड ०.०८३ ग्रॅम निघून जातो आणि उरतात ४.९८५ ग्रॅम. मग पाच ग्रॅमला कमी पडणारे ०.०१५ ग्रॅम कुठून येतात? हवेतल्या ऑक्सिजनमधून. तीन पुडींतला ऑक्सिजन मिळून प्रत्येक सूत्रामागे ३.९२५ भरतो, तर हवा असतो ४. उरलेला ०.०७५ ऑक्सिजन भट्टीत आत शिरतो, आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन विजाणू घेत असल्यामुळे तेवढ्यानेच ०.१५ होल तयार होतात. स्ट्रॉन्शियम होलांची जागा ठरवतो, पण होल प्रत्यक्षात येतात ते ऑक्सिजनमुळे. हा हिशेब एकदा स्वतःच्या वहीत करून पाहा; पुढच्या पायरीत ऑक्सिजनवर इतका जोर का दिला आहे ते मग सांगावे लागणार नाही.

आता सापळा. लँथॅनम ऑक्साइड हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, आणि जुलैमधल्या ठाण्याच्या हवेत तर बाटली उघडी राहिली की पूड फुगून भुसभुशीत होते. समजा ती पूर्णपणे हायड्रॉक्साइड झाली आहे आणि तुम्ही ती ऑक्साइड समजून तोलली. मग लँथॅनम १४ टक्के कमी पडेल. ०.१५ चा नमुना प्रत्यक्षात ०.१७३ चा होईल आणि उरलेले कॉपर ऑक्साइड वेगळे पडून राहील. याचे संक्रमण तापमान अर्ध्या केल्विननेही बदलणार नाही, कारण शिखराजवळ घुमट सपाट असतो. तुम्ही समजाल की सगळे छान झाले. तीच पूड ०.२५ साठी वापरलीत तर नमुना ०.२८६ वर जाईल, म्हणजे घुमटाच्या बाहेर, आणि तो अतिवाहक होणारच नाही. ०.०१ होलांची चूक शिखरापाशी अर्धा केल्विन मागते, तर ०.२५ पाशी पाच केल्विनहून अधिक. म्हणून ०.१५ चा नमुना चांगला आला हा पूड चांगली असल्याचा पुरावा मानू नका.

उपाय सोपा आहे. लँथॅनम ऑक्साइड तोलण्यापूर्वी ९५०-१००० अंशांवर रात्रभर तापवा, सुमारे २०० अंशांपर्यंत थंड झाल्यावर थेट सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये न्या आणि त्याच दिवशी तोला. स्ट्रॉन्शियम कार्बोनेट १५० अंशांवर सुकवणे पुरे. मोठा साठा तापवून बाटलीत भरून ठेवण्यात अर्थ नाही. आठवड्याभरात ती पूड पुन्हा मूळ पदावर येते.

५. भट्टी आणि ऑक्सिजन

तीन पुडी खलात किमान अर्धा तास घोटा. थोडे अॅसिटोन टाकले तर पूड उडत नाही आणि मिश्रण सारखे होते. पहिले तापवणे ९०० ते ९५० अंशांवर सुमारे २० तास. बाहेर काढून पुन्हा घोटा, पुन्हा तेवढेच तापवा. या मधल्या घोटण्याचा कंटाळा हेच बहुतेक बिघडलेल्या नमुन्यांचे मूळ असते, कारण घन पदार्थांतली अभिक्रिया कणांच्या सीमेवरच पुढे सरकते आणि घोटल्याशिवाय नवी सीमा मिळत नाही. घोटणे कमी पडले तर एकाच गोळीत काही कण ०.१२ चे आणि काही ०.१८ चे राहतात. शेवटी गोळी दाबून १०५० अंशांवर दिवसभर भाजा. गोळीखाली त्याच पदार्थाची थोडी पूड पसरा, म्हणजे गोळी बोटीला चिकटणार नाही आणि अॅल्युमिनियमही आत शिरणार नाही.

मग ऑक्सिजनचे मुरवणे. नळीच्या भट्टीत ऑक्सिजन हळूहळू वाहता ठेवून गोळ्या ५०० अंशांवर निदान २४ तास ठेवा आणि तासाला ५० अंशांपेक्षा सावकाश थंड करा. x ०.२० च्या पुढे गेला की भाजताना ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहण्याकडे कल वाढतो, आणि प्रत्येक रिकामी जागा दोन होल खाते: ऑक्सिजन 4 − δ असेल तर p = x − 2δ.

इथे नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट घडते. x = ०.२५ च्या नमुन्यात δ केवळ ०.०१ असला तरी p ०.२३ वर येतो, आणि संक्रमण तापमान १२-१३ केल्विनऐवजी २२-२३ केल्विन मिळते. ऑक्सिजनमध्ये नीट मुरवल्यावर ते खाली येते. विद्यार्थ्याला वाटते की मुरवताना नमुना बिघडला. वास्तविक तो तेव्हाच दुरुस्त झालेला असतो. उजव्या बाजूला होल वाढले की तापमान उतरायलाच हवे. डाव्या बाजूला याच्या उलट घडते. कमी x च्या नमुन्यांत जास्तीचा ऑक्सिजन अधूनमधून शिरतो आणि ३० केल्विनच्या वर रोधात बारीकशी घसरण दाखवतो. ती संपूर्ण नमुन्याची अतिवाहकता समजू नका.

६. एक्स-रे: गोळी एकच पदार्थ आहे का

तांब्याच्या Kα किरणांनी घेतलेल्या विवर्तनात या पदार्थाची मुख्य शिखरे ३१.२ आणि ३३.५ अंशांच्या आसपास येतात. ३५.५ आणि ३८.७ अंशांवर काही उगवलेले दिसले तर कॉपर ऑक्साइड शिल्लक आहे, आणि मग लँथॅनमच्या वजनाकडे संशयाने पाहा. x कमी असताना ३३ अंशांच्या पुढचे शिखर दोन भागांत फुटलेले दिसते. ती अशुद्धी नसून समचतुर्भुजी रचना किंचित वाकडी झाल्याची खूण आहे, आणि ०.१० च्या पुढे खोलीच्या तापमानाला ती जाते. मालिकेत x वाढेल तसा थरातला अक्ष आखडतो आणि थरांना काटकोनातला अक्ष लांबतो. हा क्रम एखाद्या नमुन्यात मोडला, तर तो नमुना आलेखात घेण्यापूर्वी थांबा.

७. होल मोजणे: दोन ब्युरेटमधला फरक

p = x मानून आलेख काढता येतो आणि पुष्कळ जण तसाच काढतात. पण ऑक्सिजनबद्दल वर जे लिहिले ते पाहता निदान ०.१५, ०.२२ आणि ०.२५ या तिघांचे अनुमापन कराच. त्यासाठी कोणत्याही महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पुरते.

नमुन्याच्या पुडीचे सारख्या वजनाचे दोन भाग करा. पहिला भाग विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळा. होलांमुळे तांब्याच्या अंगी आलेला जादा ऑक्सिडीकरणाचा जोर उकळताना संपतो आणि सगळे तांबे Cu²⁺ होते. थंड करून आयोडाइड घाला. प्रत्येक तांब्यामागे मोकळ्या होणाऱ्या आयोडीनला थायोसल्फेटचा एक रेणू लागतो. दुसरा भाग मात्र न उकळता थेट आयोडाइड असलेल्या आम्लात विरघळवा, म्हणजे होलही आयोडीन मोकळे करतात आणि प्रत्येक तांब्यामागे थायोसल्फेट १ + p इतके लागते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा आणि एक वजा करा: p मिळाला.

१०० मिलिग्रॅम नमुना आणि ०.०२ मोलर थायोसल्फेट घेतले तर x = ०.१५ साठी पहिल्यात १२.५७ मिलिलिटर आणि दुसऱ्यात १४.४६ मिलिलिटर लागायला हवेत. फरक १.८९ मिलिलिटरचा. यात ०.०१ होल म्हणजे ०.१३ मिलिलिटर, ब्युरेटच्या टोकाचे अडीच थेंब. शेवट एका थेंबापर्यंत पकडला आणि प्रत्येक अनुमापन तीनदा केले तर ०.०१ ची अचूकता हाती येते. त्यापेक्षा चांगली हवी असल्यास थायोसल्फेट ०.०१ मोलर करा, म्हणजे आकारमान दुप्पट होईल.

शेवट पकडणे हेच यातले कसब. पांढुरका कॉपर आयोडाइड खाली बसलेला असतो आणि आयोडीन त्याला चिकटून राहते, म्हणून द्रावण फिकट गवती पिवळे झाल्यावरच स्टार्च घाला आणि निळा रंग जाऊ लागला की पोटॅशियम थायोसायनेटची चिमूट टाका. चिकटलेले आयोडीन सुटते आणि रंग क्षणभर पुन्हा गडद होतो. त्यानंतर जो थेंब रंग घालवेल तोच खरा. रंग जाऊन अर्ध्या मिनिटाने निळा परतला तर हवा आत शिरते आहे. आम्लात विरघळलेला हवेतला ऑक्सिजन आयोडाइडचे स्वतःच ऑक्सिडीकरण करतो आणि तुम्हाला फुकटचे होल देतो. म्हणून दुसरा भाग विरघळवताना फ्लास्कमध्ये नायट्रोजनचे बुडबुडे आधी दहा मिनिटे आणि मग सतत सोडा. माझ्या अनुभवात p नेहमी x पेक्षा जास्त येत असेल तर कारण हेच निघते, आणि कमी येत असेल तर भट्टीतला ऑक्सिजन कमी पडलेला असतो.

८. संक्रमण तापमान मोजणे

गोळीतून साधारण १० मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड पट्टी कापा आणि चांदीच्या रंगाने चार तारा चिकटवा: बाहेरच्या दोनमधून प्रवाह, आतल्या दोनवर विभवांतर. अशा पट्टीचा रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो, त्यामुळे एक मिलिअँपिअर प्रवाहावर वाचन काही दहा मायक्रोव्होल्टचे येते, आणि तारांच्या दोन टोकांच्या तापमानातल्या फरकामुळे उठणारे विभवांतरही मायक्रोव्होल्टांतच असते. प्रत्येक वाचन प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा घ्या आणि दोहोंच्या फरकाचे अर्धे धरा. हे न केल्यास अतिवाहक अवस्थेतही रोध 'शून्यापासून थोडा वर' थबकलेला दिसतो. तारा घरी किंवा महाविद्यालयात चिकटवून लोकलने नेऊ नका. ठाणे-वाशी गाडीच्या गर्दीत एकही टिकत नाही. पट्ट्या सिलिका जेलच्या डबीत न्या आणि तारा तिकडेच लावा.

मिनिटाला एक केल्विनपेक्षा हळू थंड करा आणि गरम करतानाही वाचने घ्या. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले नाहीत तर तापमापक आणि नमुना वेगवेगळ्या तापमानाला आहेत. अहवालात संक्रमणाचे कोणते तापमान देता आहात ते लिहा: घसरणीची सुरुवात, मध्य, की रोध शून्य होतो तो बिंदू. मी मध्य घेतो आणि सुरुवात ते शून्य हे अंतर त्रुटीची रेघ म्हणून दाखवतो. सगळ्या नमुन्यांना एकच व्याख्या लावा, नाहीतर घुमटाचा आकार व्याख्येतूनच बदलेल.

घुमटाची दोन्ही अंगे सारख्या उंचीवर असतात, हे विसरू नका. सुमारे २७ केल्विन ०.१० लाही मिळते आणि ०.२२ लाही. डबीवरची चिठ्ठी गळून पडली तर संक्रमण तापमान बाजू सांगणार नाही, पण त्याच्या वरचा रोधाचा वक्र सांगेल: शिखरापाशी तो जवळपास सरळ रेषेत उतरतो, उजवीकडे साध्या धातूसारखा बाक घेतो, आणि डावीकडे उतरण कमी होत जाऊन संक्रमणाआधी किंचित वरही वळतो.

९. आलेख काढणे आणि त्यातले खड्डे

आडव्या अक्षावर अनुमापनातला p, उभ्यावर संक्रमण तापमान मांडा आणि त्यावर हा प्रसिद्ध वक्र काढा. तो प्रेसलँड, टॅलन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिला:

```
Tc = Tc,max × [1 − 82.6 × (p − 0.16)²]
```

Tc,max ३८ केल्विन धरल्यास ०.०८ ला १८, ०.१० ला २६.७, ०.२० ला ३३ आणि ०.२५ ला १२.६ केल्विन असे आकडे येतात. हे सूत्र मोजमापांना बसवलेले आहे, कोणत्याही सिद्धांतातून निघालेले नाही. म्हणून कधीही उलटे वापरू नका: संक्रमण तापमानावरून या सूत्राने p काढायचा आणि मग त्याच p समोर तेच तापमान मांडायचे, हा प्रकार प्रकल्पांत सर्रास दिसतो. तसा आलेख नेहमी सुंदर येतो, कारण त्यात मोजलेले काहीच उरत नाही.

०.१२५ ला सूत्र ३४ केल्विन सांगते आणि तुमचा नमुना त्याच्या बऱ्याच खाली येईल. तो फेकू नका. होल एक-अष्टमांशाच्या जवळ आले की थरात होल आणि स्पिना पट्ट्यापट्ट्यांनी रचल्या जाण्याकडे कल होतो आणि अतिवाहकतेला खीळ बसते. बेरियमच्या भाऊबंदात याच ठिकाणी संक्रमण तापमान काही केल्विनपर्यंत कोसळते. स्ट्रॉन्शियममध्ये खड्डा उथळ असतो, पण नीट बनवलेल्या मालिकेत दिसतो. १९९५ मध्ये ट्रँक्वाडा आणि सहकाऱ्यांनी निओडिमियम घातलेल्या नमुन्यात न्यूट्रॉनांनी या पट्ट्या दाखवल्या. हा खड्डा तुमच्या आलेखात आला तर आडवा अक्ष जागेवर आहे असे मी समजतो.

शेवटचा नमुना ०.३०. त्याने अतिवाहक होऊ नये, आणि तरीही पुष्कळदा २० केल्विनच्या खाली त्याचा रोध घसरताना दिसतो. रोधाला एकच सलग वाट पुरते. गोळीतले काही कण कमी स्ट्रॉन्शियमचे किंवा कमी ऑक्सिजनचे राहिले आणि ते एकमेकांना टेकले, की प्रवाह त्यांच्यातूनच जातो. अशा वेळी चुंबकीय प्रवणता मोजून घ्या. पूर्ण नमुना अतिवाहक असेल तर क्षेत्राशिवाय थंड करून मग लहान क्षेत्रात मोजलेली प्रवणता सीजीएस एककांत −१/४π च्या, म्हणजे −०.०८ च्या आसपास येते. गोळीच्या आकारामुळे थोडा फरक पडतो. ती याच्या दोन-चार टक्केच निघाली, तर ०.३० समोर शून्य लिहा आणि रोधाची घसरण तळटीपेत द्या. तीच प्रवणता ०.१५ च्या गोळीचीही मोजून शेजारी ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला तुलना करता येईल.